'डार्क' सुरू करायची का? काहीही फुटू न देता ठरवायचं आहे

राजारामपुरी_नववी_गल्ली · शुक्रवार, रात्री ९.४०

नेटफ्लिक्सवरची 'डार्क' ही जर्मन मालिका सुरू करावी की नको, एवढंच ठरवायचं आहे. आम्ही तिघं शनिवार-रविवारी रात्री दोन-दोन भाग बघू शकतो, म्हणजे आठवड्याला चार. दीड-पावणेदोन महिने तिच्यातच जाणार, म्हणून आधी नीट चौकशी करायची आहे.

मला आजवर एवढंच माहीत आहे: मालिका जर्मन आहे, एका लहान गावात घडते आणि एक मुलगा बेपत्ता होतो. हे जाहिरातीतच होतं. यापुढचं काही नको. पण चौकशी करायला गेलं की पहिल्याच पानावर 'शेवटाचा अर्थ' असले मथळे दिसतात, मग घाईनं पान बंद करावं लागतं. उद्यमनगरात चहाच्या सुट्टीतही अधूनमधून हाच विषय निघतो.

कुठं बघावं, कुठं बघू नये आणि कुठल्या क्रमानं, ते सांगा. मालिका चांगली आहे की नाही हे सांगितलंत तरी चालेल, पण कशामुळे चांगली आहे ते सांगू नका.

---

पंचगंगाकाठ · शुक्रवार, रात्री १०.२५

पहिली गोष्ट, आत्ता शोधपट्टीत काही टाईप करू नका. एकेक अक्षर टाकाल तशा खाली सूचना येत जातात, आणि त्या बाकीच्यांनी काय शोधलं त्यावरून येतात. पात्राचं नाव आणि पुढं एक अक्षर, एवढ्यावर त्याचं काय होतं ते समोर येऊ शकतं. म्हणून जे शोधायचं ते आधी नोट्समध्ये लिहून घ्या, तिथून अख्खं उचलून शोधपट्टीत चिकटवा आणि लगेच एंटर दाबा.

दुसरी गोष्ट तारखेची, आणि माझ्या मते या सगळ्यात तीच सगळ्यात कामाची आहे. 'डार्क'च्या पहिल्या सीझनचे दहा भाग १ डिसेंबर २०१७ला एकदमच आले. दुसऱ्याचे आठ २१ जून २०१९ला, तिसऱ्याचे आठ २७ जून २०२०ला. म्हणजे डिसेंबर २०१७मध्ये ज्यानं परीक्षण लिहिलं, त्याला पुढच्या सोळा भागांतलं काही ठाऊकच नव्हतं. त्यानं ठरवलं असतं तरी ते फोडता आलं नसतं. म्हणून शोध असा घ्या:

```
dark netflix season 1 review "spoiler-free" before:2017-12-20
```

`before:` नंतर जागा सोडायची नाही, आणि तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच. `netflix` हा शब्द काढू नका. मालिकेचं नाव इतकं साधं आहे की नुसत्या `dark`वर भलतंच काहीतरी येईल.

आता हे कुठं फसतं ते सांगतो. ती तारीख त्या पानाची असते, पानावरच्या प्रत्येक ओळीची नसते. लेख २०१७चा, पण खालच्या प्रतिक्रिया २०२०च्या असू शकतात. बाजूच्या पट्टीत त्याच साइटचे नवे लेख फोटोसकट लटकलेले असतात. काही साइटवाले जुन्या लेखातच नवे परिच्छेद घालतात आणि वरची तारीख तशीच ठेवतात. यावर उपाय ब्राउझरच्या वाचन मोडचा. लेख उघडला की लगेच तो मोड लावा. बाजूची पट्टी, बहुतेक चित्रं, खालच्या प्रतिक्रिया सगळं जातं आणि नुसता मजकूर उरतो.

तो मजकूरही सगळा वाचू नका. पहिला परिच्छेद वाचा आणि थेट शेवटच्यावर या. परीक्षणात गोष्ट मधे सांगितलेली असते आणि मत टोकांना असतं. अशी तीन परीक्षणं पुरेत. चौथ्यात नवं मत फारसं मिळत नाही, धोका मात्र तेवढाच राहतो.

---

खासबाग_पैलवान · शुक्रवार, रात्री १०.५१

भावा, एवढा खटाटोप कशाला? इन्कॉग्निटो विंडो उघड आणि शोध. तिथं तुझा इतिहास नसतो, त्यामुळं काही फुटत नाही.

आणि खरं सांगू का, फुटलं तरी काही बिघडत नाही. अमेरिकेत २०११मध्ये यावर अभ्यास झालाय. शेवट आधी सांगितलेल्या गोष्टी लोकांना जास्त आवडल्या. उगाच घाबरतोयस. मालिका नाद खुळा आहे, बस बघायला.

---

पंचगंगाकाठ · शुक्रवार, रात्री ११.१५

पैलवान, तुमचं दोन्ही अर्धं बरोबर आहे.

इन्कॉग्निटोत तुमचा जुना इतिहास वापरला जात नाही, आणि 'डार्क' शोधल्याची खूण नंतर तुमच्या खात्यावर राहत नाही. हा फायदा मोठा आहे, विशेषतः यूट्यूबसाठी. पण शोधपट्टीतल्या सूचना आणि निकालाच्या पानावरचा 'लोक हेही विचारतात' हा चौकोन सगळ्या जगाच्या शोधांवर चालतो. तो तिथंही तसाच दिसतो.

अभ्यासाचं म्हणाल तर तो सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला. त्यात बारा लघुकथा होत्या. एका बैठकीत वाचून संपणाऱ्या. २०१५मध्ये दुसऱ्या दोन संशोधकांनी असाच प्रयोग केला तर निकाल उलटा आला, आधी फोडलेल्या गोष्टी कमी रंजक वाटल्या. म्हणजे हा प्रश्न मिटलेला नाही. शिवाय वीस मिनिटांत संपणारी कथा आणि पंचवीस तासांची मालिका यांची तुलनाच होत नाही. 'डार्क'सारख्या मालिकेत बघणाऱ्यानं स्वतः जोडण्या लावत जायचं असतं, वेळ त्यातच जातो आणि मजाही त्यातच आहे. आधी उत्तर कळलं तर ते कामच उरत नाही.

---

ताराराणी_चौक · शनिवार, सकाळी ७.३०

माझं मत जरा वेगळं आहे. मालिका अगदी पहिल्या भागापासून बघायची गरजच नसते. आमच्या घरी संध्याकाळी सात ते दहा मालिका चालतात, मधला महिनाभर चुकला तरी काही अडत नाही. आजचा भाग लागायच्या आधी कालचं थोडं दाखवतातच. फुटायचं म्हणाल तर ते चॅनेलवालेच करतात. रविवारच्या महाएपिसोडमध्ये काय होणार हे आठवडाभर जाहिरातीत दाखवत राहतात. ती जाहिरात लागली की आवाज बंद करून उठून जायचं. राजारामपुरीकर, ही कुठल्या चॅनेलवर लागते?

---

आकडेमोड_शाहूपुरी · शनिवार, सकाळी ८.०५

ताराराणी काकू, ही रोजची मालिका नाही. नेटफ्लिक्सवर आहे, सव्वीस भागांत संपते, आणि मधला एक भाग गळला तर पुढचं लागणार नाही. पण जाहिरातीचा तुमचा मुद्दा इथंही तंतोतंत लागू आहे. दुसऱ्या सीझनचा ट्रेलर म्हणजे पहिल्या सीझनचा शेवटच. म्हणून ट्रेलर बघायचाच असेल तर फक्त पहिल्या सीझनचा, आणि तो संपल्याबरोबर यूट्यूब बंद. पुढचा व्हिडिओ आपोआप लागू द्यायचा नाही.

मी आकड्यांबद्दल सांगतो, कारण न फुटता सगळ्यात जास्त माहिती आकड्यांतच मिळते. फक्त आयएमडीबीच्या मुख्य पानावर जाऊ नका. तिथं खाली कलाकारांची यादी असते आणि प्रत्येकापुढं तो किती भागांत आहे तो आकडा. कोण लवकर जाणार हे त्या आकड्यावरून कळतं. 'डार्क'च्या बाबतीत ती यादी उघडूच नका. का, ते विचारू नका. भागांच्या यादीचं पानही नको, तिथं प्रत्येक भागाचा सारांश आणि फोटो असतो. थेट मतांच्या पानावर जा:

```
https://www.imdb.com/title/tt5753856/ratings/
```

पान वरून जेवढं दिसतं तेवढंच बघा. एकूण आकडा ८.७च्या आसपास आहे. पण त्यापेक्षा कामाची गोष्ट म्हणजे एक ते दहा गुणांच्या पट्ट्या. लोक दोन टोकांना वाटले गेले असतील, म्हणजे दहाची पट्टी उंच आणि एकचीही बऱ्यापैकी उंच, तर मालिका वादग्रस्त आहे असं समजायचं. सगळा ढीग आठ-नऊ-दहावर असेल तर ज्यांनी बघितली त्यांना ती पसंत पडलीय.

'ज्यांनी बघितली त्यांना' हे शब्द मुद्दाम लिहिलेत. पुढच्या सीझनचे गुण बऱ्याचदा वर जातात, आणि त्याचं कारण प्रत्येक वेळी मालिका सुधारली हे नसतं. ज्यांना पहिला सीझन आवडला नाही ते उठून गेले आणि मत द्यायला चाहतेच उरले, असंही असतं. म्हणून 'तिसरा सीझन पहिल्यापेक्षा भारी' असा निष्कर्ष नुसत्या आकड्यावरून काढू नका. एकूण आकडा आणि पहिल्या सीझनचा आकडा एवढ्यावर भिस्त ठेवा.

उलटं मात्र चालतं. चाहतेच उरलेले असताना शेवटचे भाग धाडकन खाली आले, तर शेवट खरोखर बिघडलाय. 'गेम ऑफ थ्रोन्स' आठ सीझन चालली, ७३ भाग झाले, आणि शेवटच्या भागाला आयएमडीबीवर दहापैकी चारच्या आसपास गुण आहेत. कथा न कळता एवढं कळतं. 'डार्क'ला अशी घसरण नाही.

समीक्षकांच्या टक्क्यांचंही एक सांगतो. ९० टक्के म्हणजे दहापैकी नऊ गुण नव्हेत. शंभरातल्या नव्वद जणांनी 'ठीक आहे' किंवा त्याहून बरं म्हटलं, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्यांना जेमतेम आवडलेली मालिकाही तिथं ९० वर बसू शकते.

---

राजारामपुरी_नववी_गल्ली · शनिवार, सकाळी ९.१०

तारखेवालं करून बघितलं. नोट्समधून चिकटवलं, तीन परीक्षणं वाचन मोडमध्ये टोकं-टोकं वाचली. तिन्हींत तीन गोष्टी सारख्या आल्या: संथ आहे, पात्रं फार आहेत, वातावरण जबरदस्त आहे. एकानं लिहिलंय की फोन हातात धरून बघण्यासारखी नाही. हे आमच्या कामाचं आहे, कारण तिघांपैकी एकाला फोनशिवाय बसवत नाही.

पण यातून शेवटाबद्दल काहीच कळत नाही. २०१७मध्ये लिहिणाऱ्याला शेवट माहीतच नव्हता. मग आता?

---

पंचगंगाकाठ · शनिवार, सकाळी ९.५५

इथंच ती युक्ती संपते. जुनं परीक्षण सुरक्षित आहे ते त्याला शेवट ठाऊक नाही म्हणूनच, आणि त्याच कारणानं ते शेवटाबद्दल मुकं आहे. शेवटासाठी ज्यानं सगळी बघितली अशा माणसालाच विचारावं लागतं. फक्त प्रश्न असे विचारायचे की उत्तर एका शब्दात किंवा आकड्यात यावं. 'कशी वाटली?' हा प्रश्न धोक्याचा, कारण मनापासून आवडलेल्या माणसाला थांबता येत नाही. मी विचारले असते ते हे:

कथा संपलीय की मधेच बंद पडलीय? शेवट मूळ प्रश्नांना उत्तर देतो का, हो की नाही? पहिल्या सीझननंतर थांबलं तर समाधान मिळेल का? पहिल्या दोन भागांची चाल पुढंही तीच राहते का?

मी दोनदा बघितलीय, म्हणून उत्तरं देतो. संपलीय. हो. नाही. साधारण हो.

पहिल्या उत्तरात थोडी भर घालतो, त्यात काही फुटत नाही. तिसरा सीझन शेवटचा असणार हे करणाऱ्यांनी २०१९मध्येच जाहीर केलं होतं, आणि कथा तिथं त्यांनी ठरवून संपवली. हे विचारून घ्यायचं कारण म्हणजे त्यांचीच पुढची मालिका '१८९९'. ती नोव्हेंबर २०२२मध्ये आली, आठ भाग झाले आणि जानेवारी २०२३मध्ये बंद केल्याचं जाहीर झालं. त्यांच्या डोक्यात तीन सीझन होते. म्हणजे माणसं तीच, पण एक वाडा बांधून पूर्ण आणि दुसरा जोत्यावरच राहिलेला. नुसत्या गुणांवरून हा फरक दिसत नाही.

---

नाद_खुळा_९ · शनिवार, सकाळी १०.२०

दादा सरळ सांगतो, बिनधास्त बघा. पाचव्या भागापर्यंत दम धरा, तिथं कळतं की *[दोन ओळी काढल्या – संपादक]* आणि मग सगळं डोक्यावरून जातं!

---

संपादक · शनिवार, सकाळी १०.३१

नाद_खुळा, प्रतिसादातल्या दोन ओळी काढल्या आहेत. धाग्याचं नाव वाचून लिहावं ही विनंती. कथेबद्दल लिहायचंच असेल तर वेगळा धागा काढा आणि त्याच्या नावातच तसं लिहा.

राजारामपुरीकर, या धाग्याच्या सूचना तुम्हाला मेलवर येत असतील तर त्या बंद करा. इथून ओळी काढता येतात, पण मूळ प्रतिसाद मेलमधून आधीच गेलेला असतो. १०.२० ते १०.३० च्या दरम्यानचा मेल न उघडता पुसून टाका. फोनवर मेलची सूचना आली असेल तर तीही न वाचता बाजूला सरकवा, तिच्यात पहिल्या दोन-तीन ओळी दिसतात.

---

राजारामपुरी_नववी_गल्ली · शनिवार, सकाळी ११.००

पुसला. वाचला नव्हता. संपादकांचे आभार.

---

नाद_खुळा_९ · शनिवार, सकाळी ११.१२

चुकलं, माफ करा. पण 'पाचव्या भागापर्यंत थांबा' एवढं तरी सांगायला काय हरकत आहे? ते काही स्पॉयलर नव्हे.

---

रंकाळा_संध्याकाळ · शनिवार, सकाळी ११.४०

मला वाटतं ते स्पॉयलरच आहे, किंवा निदान त्याचा धाकटा भाऊ. पाचव्या भागात काहीतरी घडतं असं सांगितलं की माणूस पहिले चार भाग वाट बघण्यात घालवतो. समोर चाललेलं बघत नाही, पुढच्याचे अंदाज बांधत बसतो. आणि पाचवा भाग आला की प्रत्येक दारामागं तेच शोधतो. 'शेवटी मोठा धक्का आहे' हे वाक्यही तसंच. धक्का काय ते सांगितलं नाही, पण समोरच्याला सावध केलं.

एकाच भागाला ९.८ आणि आजूबाजूच्यांना ८.५ असं दिसलं तरी तेच होतं. म्हणून आकडेमोड यांनी सांगितलेलं मतांचं पान बघताना भागवार चौकोनांपर्यंत खाली उतरू नये, असं माझं मत आहे.

---

आकडेमोड_शाहूपुरी · शनिवार, दुपारी १२.०५

चौकोनांपर्यंत उतरू नका हे मान्य, म्हणूनच वर जेवढं दिसतं तेवढंच बघा म्हटलं होतं. पण 'धक्का आहे' हेही सांगायचं नाही म्हटलं तर शिफारस करायची कशी? रहस्यकथा आहे म्हटलं की धक्का असणार हे ओघानं आलंच. इतकं सोवळं पाळलं तर 'बघ' किंवा 'नको' याखेरीज काही बोलताच येणार नाही.

---

रंकाळा_संध्याकाळ · शनिवार, दुपारी १२.२२

चवीबद्दल बोलता येतं. संथ आहे, उदास आहे, विनोद जवळपास नाही, पाऊस फार आहे, संगीत अंगावर येतं. यातलं काहीच फुटत नाही, आणि ठरवायला याचाच उपयोग होतो. तांबडा रस्सा तिखट आहे हे सांगितल्यानं जेवणाऱ्याचं नुकसान होत नाही.

---

सई_नागाळापार्क · शनिवार, दुपारी १.१०

माझा प्रश्न जरा वेगळा, पण याच मालिकेबद्दल आहे. घरात तेरा वर्षांची मुलगी आहे आणि तिच्या वर्गात 'डार्क'ची चर्चा आहे. मला आधी कळायला हवं की तिनं बघण्यासारखी आहे का. पण तिच्याबरोबर मीही बघणार, त्यामुळं मलाही कथा कळायला नको. दोन्ही जमेल का?

---

पंचगंगाकाठ · शनिवार, दुपारी २.००

सई ताई, पूर्ण जमणार नाही, बऱ्यापैकी जमेल.

नेटफ्लिक्सवर भाग सुरू झाला की पहिल्या काही सेकंदांत वरच्या कोपऱ्यात वयोगट आणि त्याखाली दोन-चार शब्दांत कारणं येतात. ती वाचा. त्यांत कोण, कुठं, कधी हे काही नसतं. बहुतेकांना तेवढं पुरतं. त्याहून खोलात जायचं तर आयएमडीबीवर पालकांसाठी वेगळं पान आहे. त्यात हिंसा, नग्नता, भीतीदायक दृश्यं असे भाग पाडलेत आणि प्रत्येकाला सौम्य ते तीव्र अशी प्रतवारी आहे. फक्त प्रतवारीचा शब्द वाचा, खालची तपशिलाची वाक्यं उघडू नका. स्पॉयलरसाठी त्या पानावर शेवटी वेगळा भाग असतो, पण वरच्या वाक्यांतही लोक नावं घेऊन लिहितात. लिहिणारे सामान्य प्रेक्षकच असतात, आणि कुठलं वाक्य कुठं घालायचं हे त्यांच्या त्यांच्या समजुतीवर चालतं.

माझं मत विचाराल तर तेराव्या वर्षी नको. एका विशिष्ट विषयामुळं हे म्हणतोय. तो विषय पहिल्याच भागात, अगदी सुरुवातीला येतो. इथं लिहीत नाही. हवं असेल तर व्यनि करा, एका शब्दात सांगेन.

---

सई_नागाळापार्क · शनिवार, दुपारी २.२०

व्यनि केला आहे. मला कळलं तरी चालेल, मुलीचं आधी.

---

खासबाग_पैलवान · शनिवार, दुपारी ३.०५

बरं, अभ्यासाचं मान्य केलं. मग एक कामाचं विचारतो. बघायला सुरुवात केल्यावर फुटायचं थांबतं का? माझ्या माहितीत बऱ्याच जणांचं बघता बघताच फुटलंय.

---

आकडेमोड_शाहूपुरी · शनिवार, दुपारी ३.४०

चांगला प्रश्न. सुरुवात केल्यावर तीन ठिकाणी जपायला लागतं.

पहिलं, सबटायटल. आवाज जर्मन ठेवा आणि इंग्रजी सबटायटल लावा. यादीत इंग्रजी दोनदा दिसेल, एक साधं आणि एक सीसी. सीसी ऐकू न येणाऱ्यांसाठी असतं, त्यामुळं कोण बोलतंय त्याचं नाव वाक्याआधी लिहिलेलं असतं. अंधारात किंवा दाराबाहेरून कुणी बोललं आणि पडद्यावर अजून ते कळू दिलेलं नसलं, तरी सीसी नाव सांगून मोकळं होऊ शकतं. शिवाय ते बऱ्याचदा इंग्रजी डबिंगच्या वाक्यांवरून केलेलं असतं, म्हणून जर्मन आवाजाशी शब्द जुळत नाहीत. वाचताना आणि ऐकताना काहीतरी वेगळंच चाललंय असं वाटलं तर सीसी लागलंय असं समजा आणि बदला.

दुसरं, नेटफ्लिक्सचा स्वतःचा पडदा. भागांच्या यादीत पुढच्या भागांची चित्रं आणि दोन ओळींचा सारांश दिसतो. यादी उघडायचीच नाही. 'पाहणं पुढं सुरू ठेवा' या ओळीतून थेट भाग लावायचा. आणि प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये ही खूण काढा:

```
Autoplay previews while browsing on all devices
```

ही ब्राउझरमध्ये नेटफ्लिक्सच्या साइटवर जाऊन काढायची. बदल टीव्हीवर लगेच दिसला नाही तर दुसऱ्या प्रोफाइलवर जाऊन परत या.

तिसरं, आणि 'डार्क'मध्ये सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. चार घराण्यांची पात्रं आहेत: कानवाल्ड, नील्सन, डॉपलर, टीडेमान. दुसऱ्या-तिसऱ्या भागात कोण कुणाचा कोण हे विसरायला होतं, मग माणूस फोनवर 'डार्क वंशवृक्ष' शोधतो. चित्रांत पहिलाच निकाल म्हणजे सव्वीस भागांचा अख्खा उतारा. एका चित्रात सगळं जातं, आणि ते बघितलेलं विसरता येत नाही. असं कधीही करू नका.

---

पंचगंगाकाठ · शनिवार, दुपारी ४.१५

त्याला नेटफ्लिक्सनंच उपाय करून ठेवलाय. मालिकेची वेगळी साइट आहे, `dark.netflix.io`. उघडल्यावर ती आधी विचारते की तुम्ही कुठल्या भागापर्यंत आलात. तेवढं निवडलं की पात्रं आणि नाती तिथपर्यंतचीच दाखवते. पत्ता पूर्ण टाईप करून थेट तिथंच जा, शोधातून जाऊ नका. भाग निवडताना एक काळजी घ्या: जो पूर्ण बघून झालाय तोच निवडा, चालू असलेला नको.

त्याहून साधा उपाय वहीचा. एका पानाचे चार भाग करा, प्रत्येकात एक घराणं, आणि नाव ऐकलं की तिथं लिहा. तिघं बघणार असाल तर वही एकाच्या हातात द्या. ज्याला फोनशिवाय बसवत नाही त्याच्याच हातात दिलीत तर उत्तम.

---

नाद_खुळा_९ · शनिवार, संध्याकाळी ५.००

आणि व्हॉट्सॲप? आमच्या ग्रुपवर रोज मीम पडतात.

---

आकडेमोड_शाहूपुरी · शनिवार, संध्याकाळी ५.१८

ग्रुप नुसता म्यूट करून भागत नाही. आवाज बंद होतो, पण चॅटच्या यादीत शेवटच्या संदेशाची ओळ दिसतच राहते. संग्रहात टाका, आणि चॅट सेटिंगमध्ये नवा संदेश आला तरी संग्रहातच राहू दे हा पर्याय चालू आहे ना ते बघा. चित्रं आपोआप डाउनलोड होणंही बंद करा, नाहीतर मीम थेट गॅलरीत येऊन बसतं. कामावर चहाच्या सुट्टीत विषय निघतो त्याला मात्र सेटिंग नाही. तिथं आधीच सांगून ठेवावं लागतं.

---

राजारामपुरी_नववी_गल्ली · शनिवार, संध्याकाळी ६.३५

ठरलं, सुरू करतोय. कारणं लिहून ठेवतो, म्हणजे पुढं कुणी हाच धागा वाचला तर उपयोग होईल. कथा संपलेली आहे, शेवट उत्तर देतो, गुणांत शेवटी घसरण नाही, आणि संथपणा आम्हा तिघांपैकी दोघांना चालतो. तिसऱ्याच्या हातात वही.

पहिल्या सीझननंतर थांबून समाधान मिळत नाही असं पंचगंगाकाठ म्हणाले, म्हणून निम्म्यावर सोडायची वाट ठेवलेली नाही. पण पहिले दोन भाग बघून तिघांपैकी दोघांना नको वाटलं तर तिथंच बंद करायची, एवढं आपसांत बोललोय.

एक शंका राहिली. आमच्यातल्या एकाला इंग्रजी सबटायटल भराभर वाचता येत नाही. त्याच्यासाठी इंग्रजी डबिंग लावलं तर किती बिघडेल?

---

रंकाळा_संध्याकाळ · शनिवार, संध्याकाळी ७.०२

माझ्या मते बरंच बिघडेल. या मालिकेत माणसं कमी बोलतात आणि जे बोलतात ते दबक्या आवाजात. डबिंगमध्ये तो दबकेपणा जातो.

---

पंचगंगाकाठ · शनिवार, संध्याकाळी ७.२०

मला तितकं वाटत नाही. वाचण्यात ज्याची नजर सतत खाली राहते त्याला चेहरे बघायला मिळत नाहीत, आणि 'डार्क'मध्ये चेहरे नीट बघणं आवाजापेक्षा महत्त्वाचं आहे. पहिला भाग दोन्ही पद्धतींनी दहा-दहा मिनिटं लावून बघा आणि त्यालाच ठरवू द्या. फक्त परत मागं नेताना खालच्या पट्टीवर बोट ओढू नका. बोट पुढं घसरलं तर पुढच्या दृश्यांची चित्रं दिसतात. दहा सेकंद मागं नेणारं बटण आहे, तेच दाबत या.